लाज आणि अनुताप : भिशीच्या हिशेबाचे एक उदाहरण



पेडणे महालातील तुये, पार्से, मांद्रे या भागातून मठात येणारी भक्तमंडळी, विशेषतः माताभगिनी, एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत वारंवार विचारतात. प्रश्न असा की, "स्वामीजी, ज्याला लाज आहे तो वाईट वागत नाही, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. मग घरातल्या पिणाऱ्या माणसाला आम्ही चारचौघांत इतके लाजवतो, तो मान खाली घालतो, डोळ्यांतून पाणी काढतो आणि तरीही दुसऱ्या दिवशी तेच का करतो?" प्रश्न साधा दिसतो, पण अनेक घरांची सुखदुःखे त्यात अडकलेली आहेत. म्हणून या महिन्याचे निरूपण त्यालाच दिले आहे.

प्रथम शब्दांचा विचार करू. व्यवहारात आपण 'लाज वाटली' हे एकच वाक्य दोन अगदी निराळ्या अवस्थांसाठी वापरतो. चोरी पकडली गेली म्हणून लाज वाटली, असे आपण म्हणतो. आणि आईला उलट बोललो याची लाज वाटली, असेही म्हणतो. आपल्या जुन्या कोशकारांची दृष्टी याहून बारीक होती. अमरकोशात ह्री, त्रपा, व्रीडा, लज्जा ही नावे एकत्र सांगितली आहेत. परंतु दुसऱ्यांमुळे, म्हणजे लोकांच्या नजरेमुळे जी उत्पन्न होते तिला 'अपत्रपा' असे वेगळे नाव दिले आहे. आणि धर्मशास्त्रात जिथे प्रायश्चित्ताचा विषय येतो तिथे यांपैकी कोणताच शब्द मुख्य नाही. तिथे शब्द येतो 'अनुताप'. अनु म्हणजे मागाहून. कृत्य घडून गेल्यावर त्या कृत्याकडे पाहून मनाला जो ताप होतो, तो अनुताप. मराठीत आपण त्याला मनाची टोचणी म्हणतो, मन खाते असे म्हणतो.

आता भेद नीट पाहा. लाजेत माणूस स्वतःकडे पाहतो, आणि तेही दुसऱ्याच्या डोळ्यांनी. अनुतापात तो आपल्या कृत्याकडे आणि त्या कृत्याने ज्याचे नुकसान झाले त्याच्याकडे पाहतो. लाज म्हणते, 'मी वाईट आहे.' अनुताप म्हणतो, 'मी हे वाईट केले.' अमेरिकेतील हेलन ब्लॉक लुईस या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७१ साली आपल्या ग्रंथात हाच भेद रुग्णांच्या बोलण्यावरून मांडला आणि तेव्हापासून त्या शास्त्रातील बहुतेक अभ्यास याच भेदावर उभा आहे. दोन वाक्यांत फरक दोन-तीन शब्दांचा, पण परिणाम मोठा. 'मी हे केले' असे असेल तर पुढचा प्रश्न आपोआप येतो, 'मग आता काय करू?' केलेल्या गोष्टीला कडा असतात. ती कधी केली, किती केली, कोणाची केली, हे सांगता येते. म्हणून ती दुरुस्त करण्याचा विचारही करता येतो. परंतु 'मीच वाईट' असे ठरले, तर दुरुस्त काय करायचे? सगळा माणूसच नासका ठरला. मग त्याच्यापुढे एकच मार्ग उरतो, तो म्हणजे कोणाच्या दृष्टीस न पडणे. भाषेनेही हे ओळखले आहे. 'तोंड लपवणे', 'तोंड दाखवायला जागा नसणे' हे सगळे लाजेचे वाक्प्रचार लपण्याचे आहेत. टोचणीचे वाक्प्रचार मात्र 'मन खाते', 'चैन पडत नाही' असे, माणसाला उठवून बसवणारे आहेत.

तत्त्व इतकेच. परंतु तत्त्व हिशेबात उतरवल्याशिवाय कळत नाही, म्हणून एक उदाहरण घेऊ. हे उदाहरण कल्पिलेले आहे. तुये गावातील कोणाही एकाचे ते नाही, म्हणून कोणी त्यात शेजाऱ्याला शोधू नये.

समजा, तुयेच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाणारा एक गृहस्थ आहे. त्याच्याकडे दहा जणांची भिशी आहे. दर महिन्याला प्रत्येकी दोन हजार रुपये जमतात, म्हणजे वीस हजारांचा हप्ता होतो, आणि चिठ्ठीत ज्याचा नंबर निघेल त्याला तो मिळतो. पैसे गोळा करणे, वही ठेवणे आणि रक्कम देणे हे काम या गृहस्थाकडे. माणूस विश्वासाचा म्हणूनच त्याच्याकडे ते आले आहे. पण संध्याकाळी बारमध्ये बसण्याची सवय लागलेली, त्यात मार्च-एप्रिलमध्ये काजूचा हंगाम, घरोघरी हुर्राक. उधारी वाढत गेली. एका महिन्यात जमलेल्या वीस हजारांतून त्याने आधी उधारी भागवली, मग घरात अडचण निघाली तेव्हा उरलेलेही वापरले. आठ दिवसांनी, ज्या विधवा बाईचा नंबर निघाला होता तिला ते पैसे द्यायचे आहेत, आणि पेटीत काही नाही.

इथून दोन वाटा फुटतात.

पहिली लाजेची. त्याच्या मनात पहिला विचार येतो तो बाईचा नाही. तिच्या मुलाची फी भरायची आहे, हे त्याला ठाऊक असूनही आठवत नाही. त्याला दिसतात ती नऊ जणांची तोंडे. 'लोक काय म्हणतील? मला चोर म्हणतील.' मग तो सावकाराकडे जातो आणि शेकडा पाच रुपये महिना दराने वीस हजार काढतो. बाईला पैसे वेळेवर मिळतात. भिशीत कोणाला काही कळत नाही, आणि तो सुटलो असे समजतो. परंतु दर महिन्याला एक हजार रुपये नुसते व्याज जाऊ लागते. आठ महिन्यांत आठ हजार रुपये गेले आणि मुद्दल वीसचे वीस हजार तसेच. हे व्याज पगारातून जाते, म्हणून घरात खोटे सांगावे लागते. खोटे टिकवण्यासाठी बायकोपासून पगाराची चिठ्ठी लपवावी लागते. सावकाराच्या घराचा रस्ता टाळावा लागतो, म्हणून लांबच्या रस्त्याने घरी येणे सुरू होते, आणि त्या रस्त्यावर दुसरा बार आहे. एके दिवशी बायकोने सहज विचारले, "अहो, या महिन्यात पैसे कमी का?" तर तो ताट भिरकावतो.

या ताट भिरकावण्याकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे, कारण इथेच सगळ्यांची समजूत चुकते. बायकोला वाटते, याला लाज उरली नाही. खरे तर त्या क्षणी त्याच्यात लाजेशिवाय काहीच उरलेले नाही. लाज सहन होत नाही तेव्हा मन ती बाहेर फेकते, आणि जो समोर असेल त्याच्यावर ती दोष होऊन पडते. 'तूच कटकट करतेस म्हणून मी पितो' हे वाक्य आपण किती घरांतून ऐकले आहे! अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात जून टँग्नी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तुरुंगातील ४७६ कैद्यांचा अभ्यास केला आणि सुटकेनंतरच्या वर्षात त्यांचे काय झाले ते पाहिले. हा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या मनाची घडण टोचणी लागण्याची होती त्यांच्याकडून पुन्हा गुन्हा घडण्याचे प्रमाण कमी आढळले. लाजेचे मात्र दोन चेहरे दिसले. लाज वाटून जे लोक दोष दुसऱ्यावर ढकलत होते, ते त्या वाटेने पुन्हा गुन्ह्याकडे वळत होते. जिथे असे ढकलणे नव्हते, तिथे लाजेने काहींना आवरलेही होते. म्हणजे लाज ही सर्वस्वी विष आहे असे म्हणण्याचे कारण नाही. ती दोषारोपाला जाऊन मिळाली की मात्र घात करते.

दारूच्या बाबतीतही असेच एक निरीक्षण आहे. कॅनडातील व्हँकुव्हर येथील दोन संशोधकांनी नुकतीच दारू सोडलेल्या लोकांना, पिऊन वाईट वाटल्याचा शेवटचा प्रसंग सांगायला लावले आणि त्यांचे चित्रण केले. बोलताना ज्यांचे खांदे अधिक पडले होते, छाती अधिक आत गेली होती, तेच पुढील महिन्यांत पुन्हा पिण्याकडे अधिक वळले आणि प्यायलेही जास्त. हे संशोधन २०१३ चे. ज्या मान खाली घालण्याला आपण सुधारणेची खूण समजतो, ती पुष्कळदा पुढच्या पेल्याची खूण असते.

आता दुसरी वाट पाहू. तोच गृहस्थ, तीच रिकामी पेटी, तेच आठ दिवस. फरक इतकाच की त्याच्या डोळ्यांपुढे नऊ तोंडे न येता ती एक बाई येते. फी भरायची तारीख येते. हा फरक घडला की पुढच्या गोष्टी क्रमाने घडू शकतात, आणि त्या क्रमाला फार महत्त्व आहे.

सर्वांत आधी रक्कम. तो वहीच्या कोऱ्या पानावर लिहितो : किती घेतले, कधी घेतले, कशात गेले. 'माझ्या हातून फार मोठे पाप झाले' असे लिहिणे सोपे असते, कारण त्यात आकडा नसतो. 'बारची उधारी बारा हजार, घरात आठ हजार' हे लिहिणे कठीण असते. पण बारा आणि आठ लिहिले की पापाला सीमा पडते. ते वीस हजारांचे आहे, जन्माचे नाही.

मग सांगणे. कोणाला सांगायचे, याचाही क्रम आहे. पहिल्यांदा ज्याचे नुकसान होणार आहे त्याला, म्हणजे त्या बाईला, आणि तेही तारीख उलटण्याआधी. तारखेआधी सांगितले तर तिला फीसाठी दुसरी तजवीज करायला किंवा शाळेत मुदत मागायला वेळ मिळतो. तारखेनंतर सांगितले तर तेच शब्द केवळ कबुलीजबाब उरतात. सांगताना 'मी फार वाईट माणूस, मला माफ करा' असे म्हणून रडू नये. तसे केले की त्या बिचारीवरच त्याला सावरण्याचे ओझे येते. ती म्हणते, "राहू द्या हो भाऊ, होतं असं," आणि तिचे पैसे बाजूला राहतात. त्याने सांगावे : "वहिनी, तुमच्या नंबरचे वीस हजार माझ्याकडून खर्च झाले. ते दारूत आणि घरात गेले. पंधरा तारखेला मी ते देऊ शकत नाही. कसे देणार ते सांगायला आलो आहे." मग इतर आठ जणांना एकत्र बसवून हेच सांगावे. बायकोला मात्र या सर्वांच्या आधी सांगितलेले असावे. तिने ही गोष्ट बाहेरून ऐकणे हा तिच्यावर दुसरा अन्याय होईल.

मग भरपाई. भिशीत त्याचा स्वतःचा नंबर अजून निघालेला नसेल तर मार्ग सरळ आहे. सभासदांच्या संमतीने पुढच्या महिन्याचा हप्ता त्या बाईला द्यावा आणि तो त्याचा स्वतःचा नंबर समजावा. तिला एक महिना उशिरा, पण पूर्ण वीस हजार मिळतात, आणि पुढे त्याला भिशीतून काही मिळणार नाही. नंबर आधीच घेऊन झाला असेल तर दरमहा अडीच हजार बाजूला काढले तर आठ महिन्यांत वीस हजार पुरे होतात. या आठ महिन्यांची तुलना मघाच्या आठ महिन्यांशी करून पाहावी. तिथे आठ हजार व्याज जाऊन वीस हजार देणे शिल्लक राहिले होते. इथे व्याज शून्य आणि देणे शून्य. अर्थात या वाटेला किंमत नाही असे नाही. भिशीची वही त्याच्याकडून काढून घेतली जाईल, आणि ती जायलाच हवी. ज्याला स्वतःच्या हातावर सध्या भरवसा नाही त्याने दुसऱ्याची पेटी सांभाळू नये. वही दुसऱ्याकडे देणे हा दंड नसून दुरुस्तीचाच भाग आहे, हे त्याने आणि सभासदांनीही समजून घ्यावे.

इथे धर्मशास्त्रातील एक लहानशी गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. मनुस्मृतीतील अनेक गोष्टींशी शरणांचा विरोध आहे आणि तो राहणार. परंतु तिच्या अकराव्या अध्यायात प्रायश्चित्ताचा जो विचार आहे त्यात दोन बारकावे घेण्यासारखे आहेत. एक असा की, पापातून सुटण्याच्या साधनांत अनुतापाच्याही आधी 'ख्यापन', म्हणजे केलेले उघड सांगणे, याचे नाव घेतले आहे. दुसरा असा की, किरकोळ चोरीसाठी जे कृच्छ्र सांगितले आहे ते वस्तू परत करून मग आचरायचे आहे. आधी परत करणे, मग उपवास. आपल्याकडे याचा क्रम उलटा होतो. माणूस सोमवारचे उपवास धरतो, गुडघे फोडून दर्शनाला जातो, मठाला देणगी देतो, आणि ज्याचे घेतले त्याच्या दारावरून मात्र तोंड फिरवून जातो. अशी देणगी आम्हाला नको. ती त्या बाईची आहे.

१९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस' या मद्यपींच्या संघटनेच्या बारा पायऱ्यांतही हाच व्यवहार दिसतो. पाचव्या पायरीवर आपल्या चुकांचे नेमके स्वरूप ईश्वरापुढे, स्वतःपुढे आणि आणखी एका माणसापुढे मान्य करायचे असते. आठवीवर आपण ज्यांना दुखावले त्यांची यादी करायची आणि भरपाईस मनाने तयार व्हायचे. नवव्या पायरीवर ती भरपाई प्रत्यक्ष करायची. तिला एक अपवाद जोडलेला आहे : ज्या भरपाईने त्या माणसाला किंवा दुसऱ्या कोणाला इजा होईल ती करू नये. हा अपवाद अनुभवातून आलेला दिसतो. आपल्या उदाहरणात, त्या गृहस्थाबरबर बारमध्ये बसणाऱ्या मित्राचे नाव सभेत घेण्याचे कारण नाही. ते मित्राने सांगावे. आपल्या मनाचे ओझे उतरावे म्हणून दुसऱ्याचे घर उघडे पाडणे हा अनुताप नव्हे.

आता माताभगिनींच्या मूळ प्रश्नाकडे वळू. लाजवून सुधारत नाही, तर करायचे काय? या बाबतीत आपल्या गोव्यातच एक चांगला प्रयोग झाला आहे. 'संगत' या संस्थेच्या डॉक्टरांनी व संशोधकांनी गोव्यातील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत, घातक प्रमाणात पिणाऱ्या ३७७ पुरुषांवर समुपदेशनाची पद्धत तपासली. समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हते. प्रशिक्षण दिलेली साधी माणसे होती. जास्तीत जास्त चार बैठका, प्रत्येकी अर्ध्या-पाऊण तासाच्या. त्यात दटावणी नव्हती. पिण्याचा त्या माणसाच्या प्रकृतीवर, घरावर, पैशावर काय परिणाम होत आहे ते त्याच्यापुढे मांडायचे, आणि काय बदलायचे ते त्यालाच ठरवू द्यायचे. मग पिण्याची ओढ आणि मित्रांचा आग्रह यांना कसे तोंड द्यायचे ते शिकवायचे. तीन महिन्यांनी पाहिले तेव्हा, नेहमीचे उपचार मिळालेल्यांत १८ टक्के लोकांनी आधीच्या पंधरवड्यात दारू घेतली नव्हती. समुपदेशन मिळालेल्यांत हेच प्रमाण ४२ टक्के होते. हे निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ साली छापले गेले. या प्रयोगात लाज मोजलेली नव्हती, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. आणि ज्यांनी दारू पूर्ण सोडली नाही त्यांचे रोजचे पिणे त्यामुळे कमी झाले नाही, घरातील मारहाणीवरही त्याचा परिणाम दिसला नाही. तेव्हा समुपदेशनाने सगळे होते असे कोणी समजू नये. परंतु दटावल्याशिवाय माणूस बदलत नाही ही आपली समजूत त्याने खोटी ठरवली आहे.

घरात याचा उपयोग वाक्यापासून सुरू होतो. "तू दारुडा, तू कधी सुधारणार नाहीस" या वाक्यात कृत्य कुठेच नाही, नुसता माणूस आहे. "काल तुम्ही पगारातले तीन हजार बारमध्ये दिले, आणि दुधाचे बिल राहिले आहे" या वाक्यात माणूस शिल्लक राहतो आणि कृत्य समोर येते. दुसरे वाक्य सौम्य आहे असे कोणी समजू नये. पहिल्यापेक्षा ते अधिक झोंबते, कारण त्याला उत्तर देता येत नाही. आणि ते सकाळी, नशा उतरल्यावर, मुलांच्या आणि शेजाऱ्यांच्या माघारी बोलावे. जो हात उगारतो त्याच्या बाबतीत मात्र आधी स्वतःचे आणि मुलांचे रक्षण, वाक्ये मग.

टोचणी खरी की लाजच टोचणीचे सोंग घेऊन आली आहे, हे कसे ओळखावे? त्याच्या बोलण्यात ज्याचे नुकसान झाले त्याचे नाव किती वेळा येते ते मोजावे. दहा वाक्यांत दहा वेळा 'मी' आला, 'मी असा, मी तसा, माझे नशीब', आणि त्या बाईचे नाव एकदाही आले नाही, तर ती लाज आहे. अश्रू कितीही असोत. उलट डोळे कोरडे असून "फीची तारीख वाढवून मिळाली का हो?" असे तो विचारीत असेल, तर टोचणी खरी आहे.

टोचणीलाही मर्यादा आहेत. ज्याने काही केलेच नाही त्यालाही ती लागते. नवरा पितो यात आपलाच दोष असेल असे मानून कित्येक बायका वर्षानुवर्षे स्वतःला खात बसतात. ज्याच्या पोटी मूल झाले नाही, ज्याला क्षय झाला, जो परीक्षेत नापास झाला, तेही तोंड लपवतात. तिथे विचारावे, 'कोणाचे काय घेतले? कोणाला काय परत करायचे आहे?' उत्तर 'काही नाही' असे आले तर तिथे प्रायश्चित्ताचा विषयच संपला. जे केलेच नाही त्याची भरपाई करता येत नाही, आणि करू जाणे हा स्वतःवर अन्याय आहे.

हा भेद आपल्याच परंपरेतील एका शरणाच्या चरित्रात फार स्पष्ट दिसतो. मराठवाड्यातील कंधारशी ज्यांचे नाव जोडले गेले आहे ते उरिलिंगपेद्दी. परंपरा सांगते की ते मूळचे चोर. चोरीसाठी एका घरात शिरले असता तिथे उरिलिंगदेव दीक्षा देत होते. ती लपून पाहताना त्यांचे मन पालटले. मग ते दीक्षा मागायला गेले आणि त्यांना नकार मिळाला. त्यांच्यावर लाजेची दोन ओझी होती. एक चोरीचे, एक जन्माचे. कारण ते अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीत जन्मलेले. चोरी त्यांनी केली होती, जन्म केला नव्हता. पहिल्याबद्दल करण्यासारखे काही होते, दुसऱ्याबद्दल काहीच नव्हते. ते लपले नाहीत. दररोज मठात सरपणाची मोळी आणून टाकू लागले. ज्या हातांनी रात्री दुसऱ्याच्या घरातून न्यायचे त्याच हातांनी दिवसा आणून द्यायचे, हे त्यांचे कायक झाले. पुढे गुरूंनी रागाने दगड फेकून मारला तर तोच त्यांनी इष्टलिंग म्हणून स्वीकारला, असे सांगतात. आणि अखेर त्याच मठाचे ते अधिपती झाले. त्यांची तीनशेहून अधिक वचने उपलब्ध आहेत, आणि त्यांत संस्कृत शास्त्रवचनांचे इतके आधार आहेत की वाचणारा थक्क होतो. जन्माबद्दल त्यांनी कुठे क्षमा मागितल्याचे दिसत नाही. त्यांच्या पत्नी काळव्वे याही वचनकार होत्या, आणि जातीच्या उच्चनीचतेवर त्यांनी जे लिहिले त्यात लाज नाही, जाब विचारणे आहे.

शेवटी एक गोष्ट तातडीची आहे, म्हणून वेगळी सांगतो. लपण्याची अखेरची जागा मृत्यू आहे. कर्ज, पकडले गेलेला अपहार, मुलाची बदनामी अशा प्रसंगी एखादा माणूस "आता तोंड दाखवायला जागा उरली नाही" असे म्हणू लागला, वस्तू वाटून टाकू लागला, किंवा बरेच दिवस अस्वस्थ असून एकाएकी शांत झाला, तर तो वाक्प्रचार समजून सोडून देऊ नये. त्याला एकटे ठेवू नये. 'जीव द्यावासा वाटतो का?' असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार नव्याने सुचत नाही. घरातील कीटकनाशक, दोरी, औषधांच्या बाटल्या दूर कराव्यात आणि त्याच दिवशी त्याला डॉक्टरांकडे न्यावे. सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्री-बेरात्रीही विनामूल्य लागतो. हिशेबाची वही नंतर उघडता येईल. वीस हजारांचे हप्ते तो जिवंत असेल तरच पडणार आहेत.